एकच मोटर ब्लॉक, ड्राइव्ह कुठलाही: प्रस्तावापासून शटडाऊनपर्यंत

आमच्या प्लांटच्या मुख्य पीएलसीवर ५८ मोटरी आहेत. पंप, पंखे, कन्व्हेयर, अ‍ॅजिटेटर. प्लांट टप्प्याटप्प्याने वाढत गेला, प्रत्येक टप्प्याला प्रोग्रामर वेगळा, आणि प्रत्येकाने आधीच्या मोटरीचं लॉजिक कॉपी करून पत्ते तेवढे बदललेले. त्यामुळे ओव्हरलोड ट्रिप झाला की एका पंपाला ऑपरेटरने रिसेट द्यावा लागायचा आणि शेजारचा पंप रिले थंड झाला की आपला आपण सुरू व्हायचा. फीडबॅक आला नाही तर कुठे दोन सेकंदांत अलार्म, कुठे दहा, कुठे अलार्मच नाही. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला ही प्रत्येक मोटरची तऱ्हा पाठ असायची आणि तो रजेवर गेला की पंचाईत.

नवीन लाइनचं काम मंजूर झालं तेव्हा तिच्यात थेट स्टार्टर होते आणि दोन वेगवेगळ्या बनावटींचे व्हीएफडीसुद्धा. एकच मोटर ब्लॉक लिहायचा, एकदाच कसून तपासायचा आणि सगळीकडे तोच वापरायचा, असा प्रस्ताव मी जानेवारीत टाकला. पुढचे काही महिने त्यात गेले. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी घडलं तसं लिहिते आहे.

पहिला अडथळा कागदाचा होता. चालू प्लांटच्या प्रोग्राममधला कुठलाही बदल आमच्याकडे बदल-विनंतीच्या फॉर्मवर जातो आणि त्यावर प्रॉडक्शन, मेंटेनन्स, सेफ्टी आणि ऑटोमेशन अशा चौघांच्या सह्या लागतात. सगळ्यात जास्त दिवस कागद सेफ्टीकडे पडून राहिला. त्यांचा प्रश्न एकच होता, "इमर्जन्सी स्टॉप या ब्लॉकमधून जाणार आहे का?" उत्तर होतं, नाही. इमर्जन्सी स्टॉप सेफ्टी रिलेमार्गे कॉन्टॅक्टरची कॉइल किंवा ड्राइव्हचं एसटीओ टर्मिनल थेट तोडतो. ब्लॉकला ते घडल्याचं फक्त कळतं. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. आमचा कागद ते वाक्य वर आणल्यावरच हलला.

मंजुरी आली ती फक्त बेंच टेस्टपर्यंतची. खर्चाच्या रकान्यात माझे तास आणि स्टोअरमधून उसने घेतलेले सुटे भाग: एक कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, एक सुटा व्हीएफडी आणि छोटी मोटर. खरा महाग खर्च शटडाऊनच्या वेळेचा, तो पुढे येतोच.

फेब्रुवारीत कोड लिहायला बसायच्या ऐवजी आम्ही भांडायला बसलो. मुद्दा असा की ब्लॉकचे दोन भाग करायचे ठरलं होतं. एक गाभा, ज्यात मोड, परवानग्या, इंटरलॉक, टायमर आणि अलार्म असतील आणि ज्याला पलीकडे कॉन्टॅक्टर आहे की व्हीएफडी याचा पत्ता नसेल. दुसरा अडॅप्टर, म्हणजे त्या त्या ड्राइव्हची भाषा बोलणारा पातळ थर. दोघांच्या मधला इंटरफेस एकदा ठरला की तो हलवायचा नाही. म्हणून त्यात काय असावं यावर वाद.

सगळ्यात लांबलेला वाद "मोटर चालू आहे" म्हणजे नक्की काय यावर झाला. थेट स्टार्टरला कॉन्टॅक्टरचा १३-१४ हा सहायक संपर्क मिटला की चालू. व्हीएफडीवाले म्हणत होते की सेटपॉइंटच्या वेगाला पोचली की चालू. कागदावर दोन्ही बरोबर वाटतं, पण टायमर लावायला गेलं की फरक कळतो. एका पंख्याचा रॅम्प-अप शून्यापासून ५० हर्ट्झपर्यंत ३० सेकंदांचा होता. सेटपॉइंट २० हर्ट्झचा असेल तर वेगाला पोचायला १२ सेकंद, ५० चा असेल तर ३०. फीडबॅकची वाट पाहणारा टायमर "वेगाला पोचली" याच्यावर बांधला तर तो ३० च्या वरच ठेवावा लागतो आणि मग ड्राइव्ह सुरूच झाला नाही हे अर्ध्या मिनिटाने कळतं. कोणी मेंटेनन्समध्ये रॅम्प वाढवला की खोटे अलार्मही सुरू.

शेवटी ठरलं की xRunning म्हणजे ड्राइव्हने आउटपुट द्यायला सुरुवात केली, एवढंच. वेगाला पोचली की नाही हा प्रोसेसचा प्रश्न, तो वरच्या सिक्वेन्सने rSpeedAct पाहून सोडवावा. त्यामुळे एकच तीन सेकंदांचा टायमर कॉन्टॅक्टरलाही चालतो आणि व्हीएफडीलाही. इंटरफेस शेवटी एवढाच राहिला:

```
TYPE stDriveIf :
STRUCT
  // गाभ्याकडून अडॅप्टरकडे
  xRun      : BOOL;
  xReset    : BOOL;
  rSpeedSp  : REAL;   // टक्के, 0.0 ते 100.0
  // अडॅप्टरकडून गाभ्याकडे
  xCommOk   : BOOL;
  xReady    : BOOL;
  xRunning  : BOOL;
  xFault    : BOOL;
  rSpeedAct : REAL;   // टक्के
  wFaultCode: WORD;   // फक्त दाखवण्यासाठी
END_STRUCT
END_TYPE
```

वेग टक्क्यांत ठेवायचा निर्णय पुढे फार उपयोगी पडला. ३५ टक्के म्हणजे प्रोफीड्राइव्हवर ५७३४ (तिथे १०० टक्के म्हणजे १६३८४), आणि आरपीएममध्ये सेटपॉइंट मागणाऱ्या १५०० आरपीएमच्या ड्राइव्हवर ५२५. ही आकडेमोड अडॅप्टरमध्येच संपते. एक लक्षात ठेवा, १६३८४ म्हणजे ड्राइव्हमधल्या संदर्भ-वेगाच्या पॅरामीटरचे १०० टक्के. तो पॅरामीटर मोटरच्या कमाल वेगाशी जुळलेला नसेल तर कोड अगदी बरोबर असूनही पंखा अर्ध्या किंवा दुप्पट वेगाने फिरतो.

आयईसी ६११३१-३ च्या २०१३ च्या आवृत्तीत मेथड, इनहेरिटन्स, इंटरफेस हे सगळं आलं आहे आणि ज्यांच्या कंट्रोलरला ते येतं त्यांनी जरूर वापरावं. आमच्या कंट्रोलरला येत नाही. म्हणून साधं स्ट्रक्चर, आणि ते गाभा आणि अडॅप्टर दोघांनाही VAR_IN_OUT म्हणून दिलेलं. काही अडलं नाही.

गाभ्यात नवल काही नाही, पण एका जागी हट्ट धरला. परवानगी आणि इंटरलॉक यांचे इनपुट वेगळे ठेवले. टाकीची पातळी पुरेशी असणं ही पंप सुरू करायची परवानगी. सुरू झाल्यावर पातळी थोडी उतरली म्हणून पंप थांबत नाही. ड्राय-रन स्विच हा इंटरलॉक. तो कधीही गेला की पंप थांबलाच पाहिजे. जुन्या कोडमध्ये दोन्ही एकाच रांगेत असायचे आणि पातळी हेलकावली की पंप चालू-बंद करत बसायचा.

दुसरा हट्ट पर्याय न ठेवण्याचा. प्रॉडक्शनला हवं होतं की ऑटोमध्ये ट्रिप रिसेट केली की मोटर लगेच पुन्हा सुरू व्हावी. सेफ्टीला हवा होता नवा हुकूम. "एक बिट ठेवा ना, ज्याला हवं तसं निवडेल," असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं. ऐकायला सोपं. पण असे सहा बिट जमले की ६४ जोड्या होतात आणि मग "एकदा तपासलेला ब्लॉक" या शब्दांना काही अर्थ उरत नाही. सेफ्टीचं म्हणणं मान्य झालं: फॉल्ट आला की गाभा xRun खाली घेतो, आणि रिसेटनंतर सुरू होण्यासाठी नवा हुकूम शून्यातून वर आलेला दिसावा लागतो.

थेट स्टार्टरचा अडॅप्टर पाच-सहा ओळींत झाला:

```
xQ_Contactor := dr.xRun AND xI_OverloadOk;
dr.xCommOk   := TRUE;
dr.xFault    := NOT xI_OverloadOk;
dr.xReady    := xI_OverloadOk AND xI_IsolatorOn;
dr.xRunning  := xI_ContactorFb;
dr.rSpeedAct := SEL(xI_ContactorFb, 0.0, 100.0);
```

ओव्हरलोडचा इनपुट ९५-९६ या मिटलेल्या संपर्कावरून घेतला आहे, म्हणजे वायर तुटली तरी ट्रिपच दिसते. तोच संपर्क कॉइलच्या सर्किटमध्येही प्रत्यक्ष मालिकेत आहे, पीएलसीच्या भरवशावर सोडलेला नाही.

व्हीएफडीच्या अडॅप्टरला मार्च गेला. प्रोफीड्राइव्हमध्ये STW1 या शब्दाने हुकूम जातो आणि ZSW1 मधून अवस्था येते. आधी 16#047E पाठवायचा, ड्राइव्ह तयार असल्याचं ZSW1 च्या बिट ० वर दिसलं की 16#047F, आणि बिट २ वर आउटपुट सुरू झाल्याची पोच. म्हणून xRunning हा बिट २, xFault हा बिट ३. रिसेटला 16#04FE, पण तिथे बिट ७ ची चढती कडा मोजली जाते; तो बिट कायम १ ठेवून काही होत नाही.

गाभा तपासण्यासाठी आम्ही आणखी एक अडॅप्टर लिहिला: खोटा ड्राइव्ह. xRun आला की अर्ध्या सेकंदाने xRunning देणारा आणि एचएमआयच्या एका पानावरून ज्याला हवा तसा बिघाड करायला सांगता येतो असा. माझ्या मते या सगळ्या कामात याच्याइतकी किफायतशीर दुसरी गोष्ट नाही. मोटर नाही, वायर नाही, आणि तरी फीडबॅक न येणं, चालता चालता जाणं, ड्राइव्ह तयार नसताना हुकूम येणं, पीएलसीचा वीजपुरवठा जाऊन परत येणं, सगळं टेबलावर बसून तपासता येतं. कॉन्टॅक्टर चिकटला तर काय, हेही: xRun खाली गेला पण xRunning वरच राहिला. जुन्या कोडमध्ये याची दखलच नव्हती. स्क्रीनवर हुकूम पाहून "बंद" लिहून यायचं आणि मोटर मात्र फिरत असायची.

एप्रिलमध्ये खरा व्हीएफडी बेंचवर जोडला आणि मोटर ४० टक्क्यांवर फिरत असताना नेटवर्कचा प्लग उपटला. ही एक टेस्ट कोणीही चुकवू नये. आमच्या कंट्रोलरमध्ये स्टेशन तुटलं की त्याचे इनपुट शून्य होतात. ZSW1 शून्य म्हणजे फॉल्टचा बिटही शून्य, थोडक्यात ड्राइव्ह "निरोगी". आणि बिट २ शून्य म्हणजे मोटर "बंद". समोर मोटर फिरते आहे. काही कंट्रोलरमध्ये उलट होतं, शेवटची किंमत तशीच गोठून राहते. तिथे मोटर थांबली तरी स्क्रीनवर फिरत राहते. दोन्हीकडे शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.

इंटरफेसमधला xCommOk यासाठीच आहे. तो स्टेशनच्या निदानातून येतो, ZSW1 मधून नाही. तो खाली गेला की गाभा xRunning कडे पाहतच नाही. अवस्था "अज्ञात" करतो, स्क्रीनवर मोटरचं चित्र पिवळं-काळं होतं आणि अलार्म "संपर्क तुटला" असा येतो. "फीडबॅक गेला" असा आला असता तर इलेक्ट्रिशियन पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर शोधत बसला असता. पंपाच्या जोडीतला दुसरा पंप आपोआप सुरू करायचा की नाही हेही याच अवस्थेवर अवलंबून: पहिला बंद आहे असं समजून दुसरा सुरू केला आणि दोन्ही एकाच लाइनवर चालले, तर दाब चढतो. आमच्याकडे "अज्ञात" असताना ऑपरेटरने जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही.

पीएलसी मात्र इथे अर्धाच इलाज करू शकतो. तार तुटल्यावर ड्राइव्हने काय करायचं हे ड्राइव्हच्याच पॅरामीटरमध्ये असतं: थांबायचं, फॉल्ट द्यायचा की शेवटच्या वेगावर चालत राहायचं. आम्ही सगळ्यांना रॅम्पने थांबून फॉल्ट द्यायला लावलं आणि तो पॅरामीटर अडॅप्टरच्या टेस्ट शीटमध्ये घातला. ब्लॉक तपासलेला आहे पण ड्राइव्ह कारखान्याच्या मूळ सेटिंगवर आहे, अशी जोडी तपासलेली नसते.

त्याच आठवड्यात रिसेटची टेस्ट झाली. थेट स्टार्टरला xRun वर ठेवूनच ओव्हरलोड रिसेट केला तर कॉन्टॅक्टर लगेच ओढतो. प्रोफीड्राइव्हवर तसं होत नाही; फॉल्ट मान्य केल्यावर ड्राइव्ह "चालू करण्यास मनाई" या अवस्थेत जातो आणि STW1 चा बिट ० एकदा खाली येऊन पुन्हा वर गेल्याशिवाय हलत नाही. म्हणजे एकच हुकूम आणि दोन ड्राइव्हची दोन वागणी. गाभा फॉल्टवर xRun आधीच खाली घेत असल्यामुळे दोन्हीकडे वागणूक एकच झाली. सेफ्टीच्या मॅडमना ही टेस्ट बेंचवर समोर दाखवली, आणि पुढच्या सहीला मग वेळ लागला नाही.

मे महिना वाट पाहण्यात गेला. नवीन लाइनला अडचण नव्हती, ती बंदच होती. जुन्या मोटरी बदलायला शटडाऊन हवा, आणि त्याचं कारण तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं: बऱ्याच पीएलसींमध्ये फंक्शन ब्लॉकचा इंटरफेस बदलला की त्याच्या सगळ्या इन्स्टन्सचा डेटा नव्याने भरला जातो, आणि काहींत तर असा बदल चालू कंट्रोलरमध्ये करताच येत नाही. प्रत्येक मोटर ही त्याच ब्लॉकची स्वतःची मेमरी असलेली एक इन्स्टन्स. एक इनपुट वाढवा आणि सगळ्या मोटरींचे टायमर, मोड, चालल्याचे तास एका क्षणात मूळ किमतीवर. म्हणून चालल्याचे तास आणि स्टार्टची संख्या ब्लॉकच्या बाहेर, वेगळ्या रिटेन्टिव्ह स्ट्रक्चरमध्ये ठेवली. मोड मात्र मुद्दाम रिटेन्टिव्ह नाही. वीज आल्यावर प्रत्येक मोटर मॅन्युअलमध्ये, बंद.

सगळं एकदम बदललं नाही. आधी ज्यांना जोडीदार पंप आहे असे पंप घेतले, म्हणजे काही बिनसलं तर दुसरा आहे. प्रत्येक मोटरला एक पान: जुने पत्ते, नवे पत्ते, इंटरलॉकची यादी प्रॉडक्शनच्या सहीसह, आणि जागेवर घ्यायच्या पाच टेस्ट. गाभ्याच्या टेस्ट पुन्हा घेतल्या नाहीत, तिथे फक्त वायरिंग आणि इंटरलॉक तपासले. इथेच वेळ वाचला. इंटरलॉकची यादी मात्र हातानेच काढावी लागली; जुन्या कोडमध्ये काही अटी अशा होत्या की त्या कशासाठी आहेत हे कोणालाच सांगता येईना. अशा अटी आम्ही काढल्या नाहीत, तशाच आणून जोडल्या आणि पानावर प्रश्नचिन्ह घातलं.

ब्लॉकला पासवर्ड लावायचा का, यावरही चर्चा झाली. मी विरोधात होते आणि आहे. रात्री दोन वाजता इलेक्ट्रिशियनला ऑनलाइन आत डोकावून कुठली अट अडली आहे ते दिसलं पाहिजे. वाचायला मोकळा, लिहायला बंद, हे पुरेसं आहे. आवृत्तीचा क्रमांक ब्लॉकच्या आत स्थिरांक म्हणून आहे आणि तो प्रत्येक मोटरच्या एचएमआय पॉपअपमध्ये कोपऱ्यात दिसतो. कुणी एका मोटरीसाठी ब्लॉकची कॉपी करून "थोडासा" बदल केला तर तो क्रमांक जुळत नाही आणि लगेच लक्षात येतं.

ऑगस्टमध्ये एक जुना व्हीएफडी जळाला आणि त्याच्या जागी तिसऱ्याच बनावटीचा आला, सीआयए ४०२ बोलणारा. तिथे कंट्रोलवर्डची पायरी 16#0006, 16#0007, 16#000F अशी, रिसेट बिट ७ च्याच चढत्या कडेवर, आणि स्टेटसवर्डमध्ये एकेक बिट न पाहता मास्क लावून पूर्ण नमुना जुळवावा लागतो. 16#006F ने मास्क केल्यावर 16#0027 आलं तर चालू. नवा अडॅप्टर लिहिला, खऱ्या ड्राइव्हवर प्लग उपटायची टेस्टही झाली, आणि बदल-विनंतीवर "गाभा: बदल नाही, आवृत्ती तीच" असं लिहिता आलं. वरच्या सिक्वेन्समधली एकही ओळ हलली नाही.

दोन दिशांना फिरणारा कन्व्हेयर अजून बाहेर आहे. त्याला इंटरफेसमध्ये दिशा लागते, आणि दिशा घातली की सगळ्या इन्स्टन्स पुन्हा भराव्या लागतात. वेगासाठी उणे टक्के वापरावेत की वेगळा बिट, यावर मेंटेनन्सचं आणि माझं एकमत नाही. व्हीएफडीला उणे टक्के सोयीचे. दोन कॉन्टॅक्टरच्या रिव्हर्सिंग स्टार्टरला वेगळा बिट बरा, कारण तिथे दोन दिशांमध्ये थांबायचा वेळ मोजावा लागतो. पुढच्या शटडाऊनच्या आधी ठरवायचं आहे. तोवर तो कन्व्हेयर त्याच्या जुन्याच कोडवर चालतो आहे.